अग्रलेखातला कर्ता कुठे गेला?

ठाण्यात एम.ए. करतेय. कामगार संहितेवरच्या अग्रलेखांचं डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस कसं करू? किती अग्रलेख घेऊ?

औद्योगिक संबंध संहिता संसदेत २३ सप्टेंबर २०२० ला मंजूर झाली. त्याआधीचे नि नंतरचे पंधरा दिवस धरा आणि दोन दैनिकांतले या विषयावरचे सगळे अग्रलेख घ्या. मनाजोगते वेचलेत तर निष्कर्ष आधीच ठरतो. दहा-बारा मिळाले तरी पुरेत.

मग प्रत्येक वाक्यात कर्ता शोधा आणि तो एका तक्त्यात नोंदवा. कपातीच्या पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. हे ‘उद्योगांना लवचिकता मिळेल’ असं लिहिलंय, की ‘मालक विनापरवानगी कामगार काढतील’? पहिल्यात काढणारा नाही, काढला जाणाराही नाही. तुर्भ्यातल्या अडीचशे जणांच्या कारखान्यातला माणूस तिथे पुसला जातो. तुमच्या अंदाजाच्या उलट जाणारी वाक्यंही त्याच तक्त्यात नोंदवा.