दशवार्षिक वाढ ३६ टक्के, मग वर्षाची किती?

प्रश्न : 'ठाणे जिल्ह्याची दशवार्षिक वाढ ३६ टक्के' म्हणजे वार्षिक वृद्धिदर ३.६ टक्के असं लिहिलं तर चालेल ना? आणि लोकसंख्या वाढली की 'लोकसंख्या लाभांश' वाढला, असं म्हणतात का?

दोन्हींचं उत्तर नाही. लोकसंख्या चक्रवाढीने वाढते, म्हणून दशकाच्या टक्केवारीला दहाने भागून वार्षिक दर निघत नाही. अविभाजित ठाणे जिल्ह्यात २००१ साली ८१.३ लाख माणसं होती, २०११ साली ११०.६ लाख. आता ८१.३ लाखांवर दरसाल ३.६ टक्के चढवत जा. दहाव्या वर्षी जवळजवळ ११६ लाख होतात, म्हणजे मोजलेल्यापेक्षा पाच लाख जास्त. ३.१२ टक्के घेतले की आकडा बरोबर जुळतो. वार्षिक दर तोच. कुठलाही दर पडताळायचा तर असा उलटा चालवून पाहावा.

दुप्पट व्हायला लागणारा काळ काढताना ७० ला वार्षिक दराने भागतात. ७० भागिले ३.१२, म्हणजे साडेबावीस वर्षं. ३.६ ने भागलं असतं तर साडेएकोणीस आली असती. मात्र हे वाक्य लिहिताना 'हाच दर टिकला तर' हे शब्द गाळू नयेत, कारण दर टिकत नाही. १९९१ ते २००१ मध्ये ठाण्याची वाढ जवळपास ५५ टक्के होती. तीच चालू राहिली असती तर २०११ ला १२६ लाख भरले असते.

लोकसंख्या लाभांश म्हणजे कमावत्या वयाच्या माणसांचं प्रमाण वाढल्याने होणारा आर्थिक फायदा. त्याचा संबंध एकूण संख्येशी नाही, वयोगटांच्या प्रमाणाशी आहे. आधी जन्मदर उतरतो, घरात लहान मुलं कमी होतात, आणि आधी जन्मलेली मोठी पिढी कमावत्या वयात येते. देशात २००१ साली १५ ते ५९ वयाच्या शंभर जणांमागे साधारण ७५ मुलं आणि वृद्ध होते. २०११ साली ६५. शंभर जणांवरचा दहा माणसांचा भार कमी झाला, ही उसंत म्हणजे लाभांशाची संधी. म्हणून 'वाढ मंदावल्यामुळे लाभांशाची संधी आली' हे वाक्य बरोबर, आणि 'लोकसंख्या वाढल्यामुळे लाभांश वाढला' हे चूक. 'संधी' हा शब्द मी मुद्दाम ठेवतो, कारण जनगणनेतलं हे प्रमाण फक्त वय मोजतं. त्या शंभरातल्या किती जणांना काम आहे, ते त्यातून कळत नाही.

शिवाय मंदावण्याचं कारणही पाहावं लागतं. त्याच दशकात रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. तिथे नुसता जन्मदर उतरला नव्हता, कमावत्या वयाची माणसं मुंबई-ठाण्याकडे गेली होती. अशा ठिकाणी वृद्धिदर उणे असला तरी मागे म्हातारी माणसं आणि मुलंच उरतात, आणि त्या कमावत्या हातांची मोजणी ठाण्याच्या खात्यात होते.