सुरतेच्या बिलावर वीस टक्के, पण कोणत्या रकमेचे?

"वकीलसाहेब, आम्ही नंदुरबारचे, मिरचीचा व्यापार आहे. वडिलांची पाच लाखांची मेडिक्लेम पॉलिसी चार वर्षं चालू आहे, इथल्याच एजंटकडून घेतलेली. छातीत दुखायला लागलं म्हणून इथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरतेला नेलं, तिथं बायपास झाली. बिल ६,३३,००० रुपये. कंपनीने २३,००० न मिळणारा खर्च म्हणून काढले आणि शेवटी फक्त चार लाख दिले. म्हणे तुमचा झोन खालचा, सुरत वरच्या झोनमध्ये, म्हणून वीस टक्के को-पेमेंट. एजंटने हे कधी सांगितलं नव्हतं. सुरत तर आमच्या दाराशी आहे. हे पैसे परत मिळतील का?"

भाऊ, सगळे मिळणार नाहीत. पण काही मिळायला हवेत असं मला वाटतं, आणि त्यासाठी भांडण नेमकं कशावर करायचं हे आधी ठरवावं लागेल.

धुळे-नंदुरबारच्या माणसाला सुरत ही परकी वाटत नाही. सकाळी गाडीत बसलं की दुपारी दवाखान्यात. कंपनीचा हिशेब मात्र अंतरावर नसतो, त्या शहरात उपचाराला किती खर्च येतो यावर असतो. बऱ्याच पॉलिसींत मुंबई, दिल्लीच्या पंक्तीला सुरत, अहमदाबाद, बडोदा बसवलेले असतात आणि आपले जिल्हे खालच्या झोनमध्ये येतात. खालच्या झोनचा हप्ता कमी असतो. त्या बदल्यात वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर खर्चाचा ठरलेला हिस्सा आपण द्यायचा, अशी ती अट. अट बेकायदेशीर नाही. म्हणून "सुरत जवळ आहे" हा मुद्दा तक्रारीत लिहू नका, त्याने काहीच साधत नाही.

आता पॉलिसीचं पहिलं पान, म्हणजे शेड्यूल, समोर घ्या. त्यावर झोन लिहिलेला असतो. हप्ता वरच्या झोनचा घेतला असेल तर को-पेमेंट लागतच नाही. पत्ता बदलल्यामुळे किंवा मुलाच्या शहरातून पॉलिसी काढल्यामुळे असं झालेलं असतं आणि क्लेमच्या वेळी ते बघायचं राहून जातं. मग झोनची यादी बघा, पण ज्या वर्षी ऑपरेशन झालं त्या वर्षीच्या पॉलिसीला जोडलेली. आधीच्या वर्षाच्या यादीत सुरत खाली होती आणि नूतनीकरणात न कळवता वर गेली असेल, तर तो तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा. शेवटी अपवाद वाचा. काही पॉलिसींत अपघाताच्या उपचारांना ही कपात नसते. हृदयविकाराला अशी सूट सहसा नसते. तुमच्या पॉलिसीत तातडीच्या उपचारांचा अपवाद असेल, तर इथल्या डॉक्टरांची सुरतेला पाठवण्याची चिठ्ठी फार कामाची. ती आजच शोधून ठेवा.

हे तिन्ही तुमच्या विरोधात गेलं असं धरू. तरीही चार लाखांचा आकडा मला पटत नाही.

तुमचा मान्य होणारा खर्च ६,१०,००० रुपये. कंपनीने काय केलं असावं? आधी तो पॉलिसीच्या मर्यादेत, म्हणजे पाच लाखांत बसवला आणि मग पाच लाखांतून वीस टक्के, एक लाख, कापले. राहिले चार लाख. आता क्रम उलटा करा. ६,१०,००० चे वीस टक्के १,२२,०००. ते वजा जाता ४,८८,००० राहतात, आणि ही रक्कम पाच लाखांच्या आतच आहे, म्हणून ती पूर्ण द्यायला हवी. फरक ८८,००० रुपयांचा. हा फरक खर्च विमा रकमेच्या वर गेला तरच पडतो. तुमचं बिल साडेचार लाखांचं असतं, तर दोन्ही क्रमांनी उत्तर एकच आलं असतं.

विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, प्रमाणित व्याख्येत को-पेमेंट हे मान्य क्लेमच्या रकमेचे ठरावीक टक्के आहे, आणि पुढचं वाक्य असं की को-पेमेंटमुळे विमा रक्कम कमी होत नाही. आधी विमा रकमेची मर्यादा लावून मग कापलं, तर सुरतेच्या उपचारासाठी वडिलांची पाच लाखांची पॉलिसी कधीच चार लाखांच्या वर देणार नाही. म्हणजे विमा रक्कम कमी झालीच की. माझा युक्तिवाद हा. पण कंपनीच्या शर्तींत "विमा रकमेच्या मर्यादेत आलेल्या क्लेमवर को-पेमेंट" असं स्पष्ट छापलं असेल, तर हा मुद्दा कमकुवत होतो. भाषा संदिग्ध असेल, तर विमा करारातली संदिग्धता तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात वाचली जाते.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कंपनीचाच हिशेब धरला तरी तिने दिले चार लाख. मग या वर्षाच्या विमा रकमेतला एक लाख शिल्लक आहे. कंपनीच्या नोंदीत शिल्लक शून्य दिसत असेल, तर ती चूक आहे. डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या, फेरतपासणीची बिलं पॉलिसीत दिलेल्या मुदतीत याच शिल्लकीतून मागा. मुदत गेली की तो हक्क गेला, म्हणून हे काम तक्रारीच्या निकालासाठी थांबवू नका.

एजंटने सांगितलं नाही, या मुद्द्याबद्दल खरं तेच सांगतो. न कळवलेल्या वगळणुकीच्या अटीचा आधार विमा कंपनीला घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न इन्सुलेटर्सच्या खटल्यात २००० साली म्हटलं आहे. पण चार वर्षं पॉलिसीची कागदं घरी येत असतील, तर "कळवलंच नाही" हे सिद्ध करणं जड जातं. १ जानेवारी २०२४ पासून ग्राहक माहिती पत्रक नव्या नमुन्यात द्यावं लागतं. त्यात को-पेमेंट दाखवायचं असतं, मिळाल्याची पोच घ्यायची असते आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यायचं असतं. कंपनीकडे वडिलांची पोच मागा. ती नसेल किंवा पत्रकात झोनचा उल्लेखच नसेल, तर तुमची बाजू एकदम भक्कम होते.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीनच मागण्या ठेवा: कपातीचा ओळीओळीने हिशेब आणि ज्या कलमाखाली ती केली त्याचा क्रमांक, त्या वर्षीची झोन यादी व पत्रकाची पोच, आणि ८८,००० रुपये. ईमेल करा, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, तिथं मुदत दोन वर्षांची. मात्र ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल. तुमचा वाद कागद आणि बेरजेचा आहे, साक्षी-पुराव्याचा नाही. तो तिथंच लवकर सुटण्यासारखा आहे.

पुढच्या नूतनीकरणात वरच्या झोनचा हप्ता भरायचा पर्याय आहे का ते कंपनीला लेखी विचारा, आणि बदलाला काही प्रतीक्षा काळ लागतो का तेही. वडिलांना तपासणीसाठी वारंवार सुरतेलाच जावं लागणार असेल, तर वाढीव हप्ता आणि वीस टक्के यांची तुलना करूनच ठरवा. सुरतेच्या नातेवाइकाचा पत्ता देऊन झोन बदलून घ्या असं कोणी सुचवलं, तर अजिबात ऐकू नका. खोट्या माहितीवर अख्खा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

पॉलिसीचं पूर्ण पुस्तक आणि कंपनीचं सेटलमेंट पत्र मला पाठवा. को-पेमेंटच्या कलमाची नेमकी वाक्यरचना बघूनच ८८,००० च्या मागणीचा मसुदा करून देतो.