न विकलेला गूळ कुठे मोजायचा?

प्रश्न: राष्ट्रीय उत्पन्न उत्पादन, उत्पन्न आणि खर्च अशा तीन पद्धतींनी मोजतात आणि तिन्ही आकडे जुळलेच पाहिजेत म्हणतात. पण माल दुकानात पडून राहिला तर खर्चाची बाजू कमी नाही का भरणार?

नाही भरणार, कारण न विकलेला माल दुकानदाराने स्वतःच ‘घेतला’ असं हिशेबात धरतात. गुळावरून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, कर सध्या बाजूला ठेवू.

शेतकऱ्याने गुऱ्हाळाला ६०,००० रुपयांचा ऊस दिला. बेणं घरचं, खतही घरचंच, म्हणजे बाहेरून काही विकत घेतलेलं नाही. गुऱ्हाळवाल्याने गूळ करून दुकानदाराला ९०,००० ला विकला (चुलाणात चिपाडंच जाळली, इंधनाचा खर्च नाही). दुकानदाराने तो सगळा गूळ घरगुती गिऱ्हाइकांना १,००,००० ला विकला.

उत्पादनाच्या बाजूने प्रत्येकाने घातलेली भरच मोजायची: ६०, ३० आणि १० हजार, म्हणजे एक लाख. इथे बरेच जण ६०, ९० आणि १०० यांची बेरीज करून अडीच लाख काढतात. त्यात ऊस तीनदा मोजला जातो. खर्चाच्या बाजूने शेवटच्या गिऱ्हाइकाने दिलेले एक लाख.

उत्पन्नाच्या बाजूने हेच पैसे कुणाच्या हाती गेले ते बघायचं. शेतात मजुरी २५, जमिनीचा खंड १० आणि शेतकऱ्याला उरले २५. गुऱ्हाळावर गुळव्या आणि मजुरांना १८, कर्जाचं व्याज ४, नफा ८. दुकानात पगार ४, नफा ६. बेरीज पुन्हा शंभर हजार. जुळणारच, कारण नफा म्हणजे बाकी सगळ्यांचं देऊन उरतं ते. (शेतकऱ्याच्या २५ हजारांत त्याचे स्वतःचे कष्टही आहेत आणि नफाही. ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणून अशा रकमेला मिश्र उत्पन्न म्हणतात. आपल्याकडे हा भाग मोठा आहे.)

आता तुमचा प्रश्न. समजा ३१ मार्चपर्यंत दुकानदाराचा अर्धाच गूळ खपला, ५०,००० ला. उरलेल्या अर्ध्या ढेपा त्याला ४५,००० ला पडल्या होत्या आणि त्या गोदामात आहेत. खर्चाच्या बाजूला गिऱ्हाइकांचे ५०,००० आणि ‘साठ्यातील बदल’ म्हणून ४५,०००, एकूण ९५,०००. हा बदल गुंतवणुकीत धरतात. उत्पादनाच्या बाजूला शेतकरी आणि गुऱ्हाळ तसेच राहिले, ६० आणि ३०. दुकानदाराची भर मात्र विकलेल्या मालापुरतीच, ५० वजा ४५, म्हणजे ५. एकूण ९५. उत्पन्नात दुकानाचे पगार ४ तसेच राहतात आणि नफा ६ वरून १ वर येतो. इथेही ९५.

पुढच्या वर्षी उरलेला गूळ ५०,००० ला गेला की खर्चात ५०,००० चढतात आणि साठ्यातून ४५,००० उतरतात. त्या वर्षाच्या खात्यात फक्त ५,००० येतात. गूळ आदल्या वर्षी तयार झाला होता, म्हणून त्याची किंमत त्याच वर्षात राहिली आणि दोनदा मोजली गेली नाही.

कर आला की किमती एकाच पातळीवर आणाव्या लागतात. समजा सगळा गूळ खपला आणि गिऱ्हाइकाने वर ५ टक्के जीएसटी दिला, तर खर्च १,०५,००० दिसेल, पण मूल्यवर्धन, म्हणजे प्रत्येकाने घातलेली भर, एक लाखच राहील. म्हणून मूल्यवर्धनात वस्तूंवरचे कर मिळवून आणि अनुदानं वजा करून जीडीपी काढतात. आयातीचंही असंच आहे. परदेशी बनावटीचा २०,००० चा फोन घेतला तर तो उपभोगात अधिक होतो आणि आयातीत वजा होतो, म्हणून परिणाम शून्य. आयातीने जीडीपी ‘घटतो’ असं नाही, जे इथे बनलंच नाही ते फक्त काढून टाकलं जातं. हे सगळं देशांतर्गत उत्पादन झालं. राष्ट्रीय उत्पन्नासाठी पुढे घसारा वजा करतात आणि परदेशातून आलेलं निव्वळ उत्पन्न मिळवतात. पण जुळणीचा प्रश्न त्याआधीच सुटलेला असतो.

प्रत्यक्षात मात्र आकडे जुळत नाहीत, कारण एकच वही तीनदा वाचलेली नसते. कंपन्यांचे ताळेबंद, पिकांचे अंदाज, सरकारी अंदाजपत्रकं, सीमाशुल्काच्या नोंदी, सगळं वेगवेगळ्या ठिकाणाहून आणि वेगवेगळ्या वेळी येतं. असंघटित क्षेत्राचा तर बराचसा अंदाजच असतो. भारतात उत्पादनाची बाजू जास्त भरवशाची मानून खर्चाच्या तक्त्यात ‘विसंगती’ अशी वेगळी ओळ देत आले आहेत. अमेरिकेत उलट: तिथे खर्चाची बाजू प्रमाण मानतात आणि फरक उत्पन्नाच्या बाजूला दाखवतात.

तिमाहीचा तक्ता उघडाल तेव्हा ही ओळ आधी बघा. आपल्याकडे ती अधिक असेल तर उत्पादनाच्या बाजूने जेवढं दिसतंय तेवढा खर्च सापडलेला नाही, उणे असेल तर उलट. ओळ मोठी असेल तर उपभोग किंवा गुंतवणूक इतके टक्के वाढली या वाक्यावर लगेच विसंबू नका, आकडे सुधारून येईपर्यंत थांबा.