छंदांवरून अवतार: प्रॉम्प्ट कसा लिहावा?

मी ऑनलाइन गणित शिकवते. विणकाम आणि बागकाम हे माझे छंद. चॅनेलसाठी कार्टून अवतार हवा आहे, प्रॉम्प्ट काय देऊ?

हा देऊन बघा:

```
चाळिशीतल्या हसऱ्या शिक्षिकेचे कार्टून, फक्त चेहरा आणि खांदे, गोल चष्मा, अंबाड्यात खोवलेली विणकामाची सुई, स्वेटरवर एकच मोठे हिरवे पान, जाड बाह्यरेषा, सपाट पिवळी पार्श्वभूमी, चौरस चित्र, अक्षरे नकोत
```

वय, चष्मा तुमच्याप्रमाणे बदला. चॅनेलचं चित्र गोलात कापलं जातं आणि कमेंटशेजारी नखाएवढं दिसतं. कुंडी, लोकरीचे गुंडे, फळा सगळं कोंबलं तर नुसता रंगांचा काला होतो. सुई मुद्दाम केसांत ठेवली आहे, कारण विणणारे हात काढायला सांगितलं की कधी कधी बोटं बिघडतात. सुई पेन्सिलीसारखी आली तर ‘टोकाला गोल मणी असलेली’ एवढं जोडा.