हॉलमध्ये नजर थांबेल अशी एकच जागा कशी ठरवावी?

प्रश्न: रत्नागिरीत घर आहे, हॉल १० बाय १४. झोपाळा, टीव्ही, खिडकी, सगळंच लक्ष वेधतं आणि खोली विस्कटलेली वाटते. दारासमोरची आतली भिंत उघड्या चिऱ्याची आहे. काय करू?

उत्तर: चिऱ्याची भिंतच धरा आणि झोपाळा तिच्यापुढे टांगा, म्हणजे दोन्ही मिळून एकच गोष्ट दिसेल. (पश्चिमेची बाहेरची भिंत असती तर नको म्हटलं असतं, पावसाळ्यात ओल येते.) झोपाळ्याच्या पुढेमागे अडीच-अडीच फूट मोकळे सोडा. त्याच्यासमोर कमी पाठीचा, साधा एकरंगी सोफा. टीव्ही बाजूच्या भिंतीवर न्या, मात्र खिडकीसमोर नको, काचेवर उजेड चमकतो. त्याखाली शोकेस तर अजिबात नको. खिडकीला पांढरा सुती पडदा पुरे.

खरी गंमत दिव्याची. छतात भिंतीपासून साधारण फूटभरावर पिवळसर दिवा लावा. उजेड वरून घासत उतरला की चिऱ्याची भोकंभोकं उठून दिसतात. भिंतीवर फ्रेम टांगू नका.

शेवटी दारातून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. नजर आधी कुशनवर किंवा टीव्हीवर गेली, तर ती वस्तू हलवा किंवा फिकी करा.