टेस्टर नसताना आधी काय तपासावं?

आम्ही चौघे डेव्हलपर, टेस्टर नाही. डबे मागवायचं अ‍ॅप आहे, दर आठवड्याला रिलीज. सगळं तपासायला वेळ नाही, मग नेमकं काय तपासू?

पैसे जातात ती वाट. लॉगिन, डबा निवडणं, पेमेंट, स्वयंपाकघराच्या स्क्रीनवर ऑर्डर दिसणं, एवढ्याची एकच ऑटोमेटेड टेस्ट गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये प्रत्येक डिप्लॉयआधी चालवा.

पण सरळ वाट सहसा मोडत नाही, घोळ होतो वेबहुकपाशी, म्हणजे पैसे मिळाल्याचा निरोप गेटवे तुमच्या सर्व्हरला पाठवतो तिथे. तुमच्या सर्व्हरने वेळेत 200 दिलं नाही, तर गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. आमच्याकडे असंच झालं: पैसे एकदा कापले, डबे दोन गेले! म्हणून टेस्टमध्ये तोच वेबहुक मुद्दाम दोनदा पाठवा आणि टेबलात ऑर्डर एकच आहे ना, ते बघा. दोन दिसल्या तर `payment_id` वर युनिक बंधन घाला.

दुसरी तपासणी हाताने करा. पैसे भरल्याक्षणी अ‍ॅप बंद करा. ऑर्डर तरीही नोंदली गेली पाहिजे. नाही गेली, तर तुमचा कोड वेबहुकऐवजी फोनच्या भरवशावर आहे.

टेस्ट मोडमध्ये यूपीआयचा खरा उशीर दिसत नाही, त्यामुळे रिलीजनंतर एक खरी ऑर्डर स्वतःच द्या. प्रोफाइल फोटो वगैरे बिघडले तर ग्राहक सांगतीलच.