नोव्हेंबरला नोव्हेंबर लावू नकोस

तुझ्या साडी दुकानाच्या रिपोर्टमध्ये जाहिरातींमधून झालेली विक्री नोव्हेंबर 2023 मध्ये 38 लाख आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 21 लाख दिसतेय. घाबरून बजेट कापू नकोस, आधी कॅलेंडर बघ. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. म्हणजे दुसऱ्या वर्षी दिवाळीची जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरमध्येच उरकली होती.

म्हणून तारखा सोड आणि लक्ष्मीपूजनापासून मागे 28 दिवस मोज: 15 ऑक्टोबर ते 11 नोव्हेंबर 2023 आणि 4 ते 31 ऑक्टोबर 2024. 28 घेतले की दोन्हीकडे चार शनिवार-रविवार येतात, दसराही आत बसतो. समजा, आता विक्री 52 आणि 57 लाख निघाली, जाहिरातींचा खर्च साडेसहा आणि 7.6 लाख. विक्री वाढली, पण रुपयामागे आठऐवजी साडेसातच मिळाले. शोधायचं ते हे.

एक फरक मात्र उरतोच, आणि तो मलाही उशिरा कळला: पगार. 2023 मध्ये महिनाअखेरचा पगार पूजेच्या दहा-बारा दिवस आधी हातात होता, 2024 मध्ये अगदी तोंडावर. त्यामुळे शेवटचा आठवडा वेगळा काढून बघ.